कौतुक एकाचं, टोमणा दुसऱ्याला

मे महिना. दहावी-बारावीचे दोन्ही निकाल लागलेत आणि आमगावच्या एका काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपसाठी मजकूर लिहिलाय असं समजा:

‘पिंकीने दहावीत ९१ टक्के घेऊन घराण्याचं नाव काढलं! पहिल्यापासूनच मेहनती, मोबाइल तर हातातही धरत नाही. गोलूही बारावी पास झाला. दोघांचं अभिनंदन.’

यात तुलना कुठे आहे? ‘पेक्षा’ नाही, ‘जास्त’ नाही, ‘कमी’ नाही. काका शपथेवर सांगतील की मी दोघांचंही कौतुकच केलं. तरी गोलू हे वाचून जेवायला येणार नाही. न लिहिलेलं वाक्य त्याला कुठून ऐकू आलं?

गंमत सुरू होते ती ‘मोबाइल तर हातातही धरत नाही’ इथे. नकार आपण उगाच देत नाही. ‘आमच्या अंगणात वाघ नाही’ असं कोणी सहज म्हणतं का? म्हटलं, तर ऐकणारा विचारेल, मग कोणाच्या अंगणात आलाय? तसंच इथेही. पिंकी मोबाइल धरत नाही, म्हणजे धरणारं कोणीतरी आहे. वाचणारं डोकं लगेच त्याला शोधायला निघतं.

आणि शोधतं कुठे? मॅट्स रूथ या भाषाशास्त्रज्ञाने १९८५ च्या प्रबंधात यामागची यंत्रणा फार सुंदर मांडली. वाक्यात एखाद्यावर जोर पडला की त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या इतरांची यादी मनात आपोआप उघडते. आता बघा, हेच वाक्य गोंदियाच्या बाजारात अनोळखी माणसाने ऐकलं, तर त्याच्या यादीत गावातली सगळी पोरं येतील. कोणालाच लागणार नाही. घरच्या ग्रुपवर मात्र त्या यादीत पिंकी सोडून एकच नाव उरतं. शब्द तेच, पण वाचणारे बदलले की बाण तयार!

त्यात ‘गोलूही’. हा एवढासा ‘ही’ सांगतो की मुख्य बातमी आधीच होऊन गेली, हा मागून आला. शिवाय पिंकीचे टक्के दिलेत, गोलूचा नुसता ‘पास’. तत्त्वज्ञ पॉल ग्राइस यांनी १९६७ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानांत दाखवलं होतं, की बोलणारा लागेल तेवढी माहिती देईलच असं आपण धरून चालतो. त्याने कमी दिली, तर ‘सांगण्यासारखं नसेल’ असा अर्थ आपणच काढतो. काकांना गोलूचे टक्के आठवले नसतील एवढंच. पण हे गोलूला कसं कळावं?

मराठी घरात तर हे कान आणखी तिखट. ‘लेकी बोले सुने लागे’ ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या चालवली. बोलणं एकीकडे, रोख दुसरीकडे. त्यामुळे रोख नसतानाही तो शोधायची सवय अंगात मुरलेली.

मग पाठवण्याआधी तपासायचं कसं? नावांची अदलाबदल करून वाचा. ‘गोलूने घराण्याचं नाव काढलं, मोबाइल तर हातातही धरत नाही. पिंकीही दहावी पास झाली.’ आता पिंकीच्या आईला काय वाटेल ते काकांना झटकन ऐकू येतं! आपल्याच वाक्यातलं जे आपल्याला दिसत नव्हतं, ते नाव फिरवताच उघडं पडतं.

घाबरून माणूस पुढे जोडतो, ‘गोलूही काही कमी नाही हं!’ हे सगळ्यात वाईट. पुन्हा नकार, पुन्हा तीच यंत्रणा: कमी आहे असं म्हणतंय कोण? ‘दोघंही सारखेच हुशार’ हेसुद्धा मोजमापच, आणि ते खोटं आहे हे दोघांनाही माहीत असतं.

माझ्या मते टक्केच काढून टाकावेत. आत्या ते फोन करून विचारणारच आहेत. प्रत्येकाविषयी दुसऱ्याला लागू न होणारी एकेक खरी गोष्ट लिहावी:

‘गोलू बारावी झाला. सकाळी बांधीत रोवणी आणि दुपारी कॉलेज, पावसाळाभर. शाब्बास! पिंकी दहावी झाली. भूमितीची एकेक आकृती चार-चारदा काढत बसायची. शाब्बास!’

रोवणीची आणि भूमितीची तुलना करायला कोणाकडे पट्टी आहे? ‘ही’ गेला, ‘तर’ गेला, नकार गेला. लांबीही जवळपास सारखी. एक फट राहते: ग्रुपवर तिसरं भावंड असेल, तर न लिहिणंसुद्धा वाचलं जातं.

आणि मजकूर गेलाच असेल तर? व्हॉट्सॲपवर पाठवलेला संदेश १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. फक्त दुरुस्त केल्याची खूण शेजारी राहते, आणि आधी काय होतं ते आत्या विचारतातच.