झाडावरचे भाव

मालवाहतुकीचा सर्वांत स्वस्त बेत काढणे एक, आणि त्याहून स्वस्त बेत असूच शकत नाही हे दाखवणे दुसरे. जॉर्ज डांट्झिग यांची सिम्प्लेक्स पद्धत रस्त्यांच्या जाळ्याला लावली, की ही दोन्ही कामे एकाच हिशेबात होतात. या रूपाला ‘नेटवर्क सिम्प्लेक्स’ म्हणतात.

एक छोटे जाळे घेऊ. क गावी दहा ट्रक कांदा आहे. ग बाजाराला चार ट्रक हवेत, घ बाजाराला सहा. ख हा केवळ वाटेवरचा नाका. एका ट्रकचे भाडे हजार रुपयांत असे: क ते ख २, क ते ग ५, ख ते ग १, ख ते घ ४, ग ते घ १.

प्रथम सगळी गावे जोडणारे, पण कुठेही वळसा पूर्ण न करणारे रस्ते निवडायचे. हेच ‘स्पॅनिंग ट्री’, म्हणजे झाड. चार गावांना तीन रस्ते पुरतात. क-ख, ख-घ आणि क-ग घेतले, तर त्यांवर अनुक्रमे सहा, सहा आणि चार ट्रक जातात. खर्च ५६.

आता प्रत्येक गावाला भाव द्यायचा. क चा भाव शून्य, पुढे झाडावरचे भाडे मिळवत जायचे: ख २, ग ५, घ ६. या भावांना ‘पोटेन्शियल’ म्हणतात. झाडाबाहेरचे रस्ते त्यांवर तपासू. ख वरून ग ला माल ३ मध्ये पडतो, तिथला भाव मात्र ५; ट्रकमागे २ वाचतात. ग ते घ रस्त्यावर काहीच वाचत नाही.

ख-ग रस्ता झाडात घेतला की क-ख-ग असा वळसा तयार होतो. त्यावर माल वळवत जायचा, क-ग रिकामा होईपर्यंत. चार ट्रक वळतात, क-ग झाडातून गळतो, खर्च ४८ होतो.

ग चा भाव आता ३. त्यामुळे मघाशी निरुपयोगी वाटलेला ग-घ रस्ता घ ला ४ मध्ये माल देतो; तिथला भाव ६ आहे. सहा ट्रक इकडे वळवले की ख-घ गळतो आणि खर्च ३६ वर येतो. भाव: ०, २, ३, ४.

आता कोणताही रस्ता भावापेक्षा स्वस्तात माल पोचवत नाही. म्हणजे कोणत्याही बेतात ग ला पोचलेल्या ट्रकवर किमान ३ आणि घ ला पोचलेल्यावर किमान ४ खर्च येणारच. चार गुणिले तीन अधिक सहा गुणिले चार, बरोबर ३६. आपला खर्चही तेवढाच. याहून स्वस्त बेत नाही, याचा हा पुरावा. बाकीचे बेत तपासायला नकोत.

एक अडचण मात्र येते. गळणाऱ्या रस्त्यावर आधीच शून्य ट्रक असतील, तर झाड बदलते, खर्च हलत नाही. असे सतत घडले, तर हिशेब जुन्याच झाडावर परत येऊन गोल फिरू शकतो. १९७६ मध्ये विल्यम कनिंगहॅम यांनी त्यावर उपाय दिला: एक गाव मूळ मानायचे आणि झाडातला प्रत्येक रिकामा रस्ता मुळाच्या दिशेनेच जाणारा राहील, अशा बेताने गळणारा रस्ता निवडायचा. मग तेच झाड पुन्हा येत नाही.