उजवीकडे एक उडी

‘पुढे’, ‘मागे’, ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ हे चार शब्द मूल कानाने ऐकते, पण शिकते अंगाने. ‘टेबल’ म्हटले की टेबल दाखवता येते. ‘उजवीकडे’ म्हणून दाखवता येईल अशी वस्तूच नसते. आता उजवीकडे असलेली खिडकी मुलाने गिरकी घेतली की डावीकडे जाते. त्यामुळे नर्सरीच्या वर्गात, म्हणजे साधारण तीन ते चार वर्षांच्या मुलांना, हे शब्द चित्रांपेक्षा हालचालीच्या खेळातून शिकवणे सोपे जाते.

या शब्दांची समज एकदम येत नाही. ‘आत’, ‘वर’, ‘खाली’ हे शब्द आधी पक्के होतात. ‘पुढे’ आणि ‘मागे’ त्यानंतर येतात, कारण तोंड आणि पाठ यांतला फरक मुलाला उघड दिसतो. डावी आणि उजवी बाजू मात्र दिसायला सारखीच असते, म्हणून ही जोडी सर्वांत उशिरा येते. स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी 1920 च्या दशकात मुलांना याविषयी प्रश्न विचारले होते. स्वतःचा उजवा हात मुले साधारण पाचव्या वर्षी ओळखत, पण समोर तोंड करून बसलेल्या माणसाचा उजवा हात ओळखायला त्यांना आठवे वर्ष उजाडत असे. नर्सरीत किती अपेक्षा ठेवावी, हे यावरून ठरते.

खेळाला सामान फार लागत नाही. जमिनीवर खडूने प्रत्येक मुलासाठी एक चौकोन आखायचा आणि त्याला ‘घर’ म्हणायचे. सगळ्या घरांचे तोंड एकाच भिंतीकडे, समजा फळ्याकडे, हवे. दोन घरांत हातभर मोकळी जागा ठेवली की उडी मारताना मुले एकमेकांवर आदळत नाहीत. प्रत्येकाच्या उजव्या मनगटाला लाल फीत बांधायची. ‘जेवायचा हात तो उजवा’ ही खूण घरोघरी चालते, पण डावखुऱ्या मुलाचा तिने गोंधळ होतो; फितीने होत नाही.

पहिले काही दिवस फक्त ‘पुढे’ आणि ‘मागे’ घ्यावे. बाई म्हणतात, “पुढे उडी!” मुले घराबाहेर उडी मारतात; “घरी या!” म्हटले की परततात. मागची उडी तोल घालवते, म्हणून तिथे उडीऐवजी एक पाऊल पुरे. हे जमले की ‘फितीकडे, म्हणजे उजवीकडे’ असे म्हणत तिसरा शब्द आणावा आणि तो रुळल्यावरच ‘डावीकडे’ घ्यावा. दोन्ही नवे शब्द एकाच दिवशी दिले तर मुले त्यांची अदलाबदल करत राहतात. पाच-सात मिनिटांत खेळ थांबवलेला बरा.

बाईंनी कुठे उभे राहायचे, यावर बरेच अवलंबून असते. मुलांकडे तोंड करून त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला, तर आरशात पाहिल्यासारखी मुले डावा हात उचलतात. चूक मुलांची नसते. अशा वेळी बाईंनी मुलांकडे पाठ करून उभे राहावे, किंवा समोरच राहायचे असेल तर ‘उजवा’ म्हणताना आपला डावा हात उचलावा.

वरवर पाहता सगळी मुले बरोबर उड्या मारत असली, तरी शब्द कळला असे लगेच म्हणता येत नाही. काही मुले शेजाऱ्याकडे पाहून अर्ध्या क्षणाने हलतात. काहींना रोजचा ‘पुढे, मागे, उजवीकडे, डावीकडे’ हा क्रमच पाठ झालेला असतो. हुकूम उलटसुलट दिले आणि हाताचा इशारा बंद केला की हे उघडे पडते.

खरी कसोटी वळल्यावर लागते. समजा, फळ्याकडे तोंड असताना खिडकी उजवीकडे आहे आणि एक मुलगी ‘उजवीकडे’ म्हटल्यावर दर वेळी बिनचूक खिडकीकडे उडी मारते. आता तिला दाराकडे, म्हणजे फळ्याच्या विरुद्ध भिंतीकडे, तोंड करून उभे करावे आणि पुन्हा ‘उजवीकडे’ म्हणावे. ती परत खिडकीकडे गेली, तर तिने ‘उजवीकडे’ हा शब्द खिडकीला जोडला आहे, स्वतःच्या अंगाला नाही. तिला रागवू नये. मनगटावरची फीत पाहायला सांगून उडी पुन्हा घ्यावी आणि पुढचे काही दिवस खेळाची भिंत रोज बदलावी. एक गोष्ट टाळावी: ‘उजवीकडे वळा’ आणि ‘उजवीकडे सरका’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सुरुवातीला फक्त सरकणे ठेवावे, कारण वळल्यावर चारही दिशा बदलतात.

वर्षअखेर ‘पुढे’ आणि ‘मागे’ न चुकता आणि ‘उजवीकडे’ व ‘डावीकडे’ फितीच्या आधाराने जमले, तर नर्सरीपुरते ते पुरेसे आहे. फीत सुटायला आणखी एक-दोन वर्षे लागली तरी ती उणीव मानू नये. समोरच्या माणसाचा उजवा हात कोणता, हा प्रश्न मात्र या वयात विचारूच नये.