‘इथल्या हवेमुळे मुलाचा दमा वाढतो का?’ : मोघम प्रश्नाचे तपासता येईल असे विधान कसे करावे?

रोडपाली, कळंबोली परिसरातील पालकांकडून एक प्रश्न वारंवार ऐकायला मिळतो. “डॉक्टर, इथल्या हवेमुळेच याचा दमा वाढतोय ना? घर बदलू का?” एका बाजूला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला स्टील मार्केटच्या ट्रकची वर्दळ. शंका येणे साहजिकच आहे. पण या प्रश्नाच्या उत्तरावर फ्लॅट विकणे, मुलाची शाळा बदलणे असे मोठे निर्णय अवलंबून असतात. आणि प्रश्न ज्या रूपात विचारला जातो, त्या रूपात त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर कोणीच देऊ शकत नाही.

संशोधक अशा वेळी आधी प्रश्न घट्ट करून घेतात. त्यातून जे एक वाक्य तयार होते, त्याला गृहीतक म्हणतात. गृहीतक म्हणजे खरे किंवा खोटे ठरू शकेल असे, आधीच लिहून ठेवलेले विधान. ते कसे तयार होते हे समजले, तर स्वतःच्या घरातील प्रश्न तपासता येतो आणि डॉक्टरांशी नेमके बोलता येते.

मोघम प्रश्नात काय अडचण असते?

‘हवेमुळे दमा वाढतो का?’ यातील प्रत्येक शब्द सैल आहे. ‘हवा’ म्हणजे धूळ, रात्री येणारा रासायनिक वास की घरातील धूपाचा धूर? ‘वाढतो’ म्हणजे खोकला वाढतो, पंप जास्त लागतो की दवाखान्यात न्यावे लागते? आणि ‘वाढतो’ म्हणजे कशापेक्षा? गावी असतानापेक्षा, मागच्या वर्षीपेक्षा की स्वच्छ हवेच्या दिवसांपेक्षा? शब्द सैल राहिले की कोणताही अनुभव आपल्या समजुतीला पुरावा वाटू लागतो. खोकला झाला तर हवेमुळे; झाला नाही तर ‘आज वारा होता’.

गडचिरोलीत प्रश्न कसा घट्ट झाला?

याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेसमोर मूळ प्रश्न होता, ‘गडचिरोलीतील एवढी बाळे का दगावतात?’ गरिबी, कुपोषण, अंधश्रद्धा, दूरचे दवाखाने ही सगळी उत्तरे एकाच वेळी बरोबर वाटतात. पण त्यांपैकी एकही तपासता येत नाही.

पहिली पायरी होती वय ठरवण्याची. ‘बाळ’ म्हणजे जन्मापासून पहिल्या २८ दिवसांतील नवजात. दुसरी पायरी होती पाहण्याची. १९९५-९६ मध्ये गावातीलच प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन ७६३ नवजात बाळांची नोंद ठेवली. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज भासेल असा त्रास झाला होता, पण डॉक्टरांपर्यंत पोहोचलेली बाळे शंभरात तीनही नव्हती. आणि जी दगावली, त्यांतील सुमारे निम्म्या मृत्यूंचे मुख्य कारण जंतुसंसर्ग होते. आता ‘का दगावतात’ याऐवजी ‘काय केले तर कमी दगावतील’ असे विचारता आले.

तिसरी पायरी होती शब्द पक्के करण्याची. गावात रक्ततपासणी शक्य नव्हती. मग ‘जंतुसंसर्ग’ कशाला म्हणायचे? क्षीण झालेले रडणे, कमी झालेले दूध ओढणे, सैल पडलेले हातपाय अशा ठरलेल्या लक्षणांपैकी किमान दोन एकाच वेळी दिसली तर. त्यामुळे प्रत्येक सेविका एकाच मापाने मोजू लागली.

माझ्या शब्दांत ते गृहीतक असे मांडता येईल : ‘गडचिरोलीतील ज्या गावांत प्रशिक्षित सेविका घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतील आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविके देतील, तिथे तीन वर्षांत नवजात मृत्युदर नेहमीच्या सेवा असलेल्या शेजारच्या गावांपेक्षा कमी होईल.’

या एका वाक्यात पाच गोष्टी आहेत : कोणात, काय केल्याने, कशाच्या तुलनेत, कोणता मोजता येणारा बदल आणि किती काळात. हे वाक्य खोटेही ठरू शकले असते. तीन वर्षांनी दोन्हीकडचा मृत्युदर सारखाच राहिला असता, तर मान्य करावे लागले असते की उपाय चालला नाही.

प्रत्यक्षात काय झाले? १९९३ ते १९९५ या काळात सेवा सुरू होणार असलेल्या ३९ गावांत हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात दगावत होते आणि तुलनेच्या ४७ गावांत सुमारे ५८. १९९७-९८ मध्ये पहिल्या गटात हा आकडा सुमारे २५ वर आला. दुसऱ्यात तो ६० च्या आसपासच राहिला. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तुलनेची गावे नसती, तर ‘रस्ते झाले, काळ बदलला, म्हणून मृत्यू घटले’ असे कोणीही म्हणू शकले असते. मात्र या अभ्यासाला एक मर्यादा होती. कोणत्या गावात सेवा द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. म्हणून दोन्ही गट सुरुवातीला जवळपास सारखे होते का, हे पाहणे महत्त्वाचे ठरते. सुरुवातीचे ६२ आणि ५८ हे आकडे त्यासाठीच पाहायचे.

आता रोडपालीचा प्रश्न

त्याच पाच गोष्टी आपल्या प्रश्नाला लावून पाहू.

*कोणात?* दम्याचे निदान डॉक्टरांनी केलेला तुमचा आठ वर्षांचा मुलगा. नुसता खोकला म्हणजे दमा नव्हे; निदानच पक्के नसेल तर पुढची तपासणी व्यर्थ.

*कशामुळे?* ‘हवा’ऐवजी पीएम २.५, म्हणजे हवेतील अतिसूक्ष्म कण. ते मोजले जातात आणि जवळच्या मापन केंद्राचा आकडा इंटरनेटवर दिसतो. भारतात २४ तासांच्या सरासरीसाठी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम ही मर्यादा आहे, ती आपली सीमारेषा.

*कशाच्या तुलनेत?* त्याच मुलाचे, त्याच घरातील, त्याच महिन्यातील ६० पेक्षा कमी आकड्याचे दिवस. गावच्या सुट्टीशी तुलना करू नका. तिथे शाळा नसते, झोप वेगळी असते आणि वर्गातील मुलांची सर्दीही नसते.

*काय मोजायचे?* त्या दिवशी आराम देणारा पंप लागला की नाही. ‘त्रास झाला’ हे आठवणीवर अवलंबून असते. पंप लागला की नाही हे तारखेसह लिहिता येते.

*किती काळ?* किमान आठ आठवडे.

आता वाक्य असे होते : ‘पुढील आठ आठवड्यांत, ज्या दिवशी पीएम २.५ ची सरासरी ६० पेक्षा जास्त असेल, त्या दिवशी माझ्या मुलाला आराम देणारा पंप लागण्याचे प्रमाण त्याच महिन्यातील ६० पेक्षा कमी असलेल्या दिवसांपेक्षा जास्त असेल.’ हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर, नोंदी सुरू करण्याआधी लिहा. नंतर आकडे पाहून ‘पंप नाही, पण खोकला तर वाढला’ असे माप बदलले, तर तपासणीला अर्थ राहत नाही.

नोंदी वाचताना कुठे फसगत होते?

समजा, ३० दिवसांच्या नोंदी झाल्या. प्रदूषण जास्त असलेल्या १० दिवसांपैकी ५ दिवस पंप लागला आणि कमी असलेल्या २० दिवसांपैकी ५ दिवस. म्हणजे ५० टक्के विरुद्ध २५ टक्के. हवाच दोषी, असे लगेच वाटेल.

पण वहीत सर्दीचा रकानाही आहे. जास्त प्रदूषणाच्या दिवसांतील ४ दिवस मुलाला सर्दी होती आणि चारही दिवस पंप लागला. कमी प्रदूषणाच्या दिवसांतील २ दिवस सर्दी होती, तेव्हाही लागला. हे सर्दीचे दिवस बाजूला काढले, तर उरतात ६ पैकी १ आणि १८ पैकी ३. दोन्हीकडे सहातून एक! फरक हवेचा नव्हता, सर्दीचा होता. थंडीत सर्दी आणि प्रदूषण बरोबरच वाढत असल्याने ही गल्लत नेहमी होते. अर्थात, इतक्या थोड्या दिवसांवरून हवा निर्दोष आहे असेही सिद्ध होत नाही. सर्दीशिवायचे आणखी दिवस हवेत, एवढेच त्यातून कळते.

दुसरी फसगत आपल्याच मनातून येते. सकाळी मोबाइलवर लाल आकडा पाहिला की आई थोड्या खोकल्यालाही पंप देते. म्हणून पंपाची नोंद एकाने ठेवावी आणि हवेचा आकडा दुसऱ्याने वेगळ्या कागदावर लिहावा. दोन्ही कागद शेवटीच जुळवावेत.

तिसरी म्हणजे नियमित घ्यायचे औषध. रोजचा प्रतिबंधक पंप चुकला की काही दिवसांतच आराम देणाऱ्या पंपाची गरज वाढू शकते. म्हणून तो घेतला की नाही याचाही रकाना ठेवा. कित्येकदा ‘हवेचा’ दिसणारा त्रास या रकान्यातच सापडतो. उपाय सोपा निघतो आणि घर बदलावे लागत नाही.

हे करताना दोन गोष्टी पाळा

तपासणीसाठी कोणतेही औषध बंद करू नका किंवा पंप द्यायला उशीर करू नका. आपण फक्त नोंद ठेवत आहोत. मुलाला धाप लागून एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधील भाग आत ओढला जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर वही बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठा.

दुसरे, एका मुलाच्या नोंदीवरून फक्त त्याच मुलाबद्दल अंदाज बांधता येतो. ‘रोडपालीतील हवेमुळे मुलांचा दमा वाढतो’ हे वेगळे आणि मोठे विधान आहे. त्यासाठी अनेक मुले, कमी प्रदूषणाची तुलनेची वसाहत आणि संशोधकांची मदत लागेल. सोसायटीतील पालकांना तसे काही करायचे असेल, तर सह्यांच्या अर्जाआधी वरील पाच गोष्टींचे एक वाक्य लिहून घ्या.

पुढच्या भेटीला येताना ती वही घेऊन या. ‘हवेमुळे होतंय’ या वाक्यावर डॉक्टर फारसे काही करू शकत नाहीत. आठ आठवड्यांच्या चार रकान्यांवरून मात्र औषधाची मात्रा, पंप घेण्याची पद्धत, सर्दीच्या दिवसांचे नियोजन आणि गरज पडल्यास घर बदलण्याचा निर्णय, या सगळ्यांवर नेमके बोलता येते.