फोनवर डोळ्याचे काम किती, कानाचे किती

चष्मा लावूनही सरस डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल, तर २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार ती व्यक्ती अल्पदृष्टी ठरते. ६/१८ म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून वाचता येणारे अक्षर या डोळ्याला ६ मीटरवर यावे लागते. कायद्याने दुसरा निकषही ठेवला आहे: नजर सरळ ठेवून आजूबाजूचे जेवढे दिसते, ते दृष्टिक्षेत्र ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत असणे. हे दोन निकष म्हणजे दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिलीत अक्षर पुसट होते, दुसरीत अक्षर स्पष्ट असूनही शेजारचे शब्द दिसत नाहीत. स्मार्टफोनवर काय चालू करायचे, हे या फरकावरून ठरते. घरची तरुण मंडळी मात्र बहुतेक वेळा सगळ्यांना एकच उपाय करून देतात, तो म्हणजे स्क्रीन शक्य तितकी मोठी करून देणे.

अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात मॅग्निफिकेशन नावाची सोय असते. ती चालू करून त्रिटॅपचा शॉर्टकट निवडला, की स्क्रीनवर एका बोटाने झटपट तीनदा टॅप केल्यावर तेथील भाग मोठा होतो. दोन बोटे फाकवली की आणखी मोठा होतो, आणि दोन बोटे एकत्र सरकवली की मोठे झालेले चित्र इकडेतिकडे फिरते. बहुतेक फोनांत आठपटीपर्यंत जाता येते. आयफोनमध्ये हेच काम झूम करते. तेथे तीन बोटांनी दोनदा टॅप करावे लागते. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून संपूर्ण स्क्रीनऐवजी एक छोटी चौकट फिरवून तेवढाच भाग मोठा करून पाहता येतो. त्रिटॅपची एक खोड माहीत असावी. तिसरा टॅप येतो की काय याची वाट पाहण्यात फोन प्रत्येक साध्या टॅपला क्षणभर उशिरा प्रतिसाद देतो, आणि वापरणाऱ्याला फोनच मंदावला असे वाटते. त्यासाठी स्क्रीनवरच्या तरंगत्या बटणाचा शॉर्टकट निवडणे बरे.

मोठे करण्याची किंमत क्षेत्रफळात मोजावी लागते. दुप्पट केले की स्क्रीनचा एक चतुर्थांश भाग उरतो, चौपट केले की सोळावा, सहापट केले की छत्तिसावा. ओळीत चाळीस अक्षरे मावत असतील, तर सहापटीला सहा-सात मावतात. एक ओळ वाचायला चित्र उजवीकडे सरकवत न्यायचे, मग पुन्हा डावीकडे येऊन पुढची ओळ शोधायची. या येरझाऱ्यांत दोन-तीन ओळींनंतर वाक्याचा धागाच सुटतो. म्हणून वाचनासाठी मॅग्निफायर हा शेवटचा उपाय मानावा.

एका कल्पित उदाहरणातून हिशोब स्पष्ट होईल. सत्तरीतल्या एका आजींच्या दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाली आहे. नेत्रतपासणीत ४० सेंटिमीटरवरून त्यांना एन २४ मापाचे अक्षर जेमतेम वाचता येते. फोनवरचा साधा मजकूर एन ८च्या आसपास धरला, तर तो ओळखू येण्यासाठी तिप्पट हवा. पण जेमतेम ओळखणे आणि सलग वाचणे यांत अंतर असते. सलग वाचायला अक्षर ओळखता येण्याच्या मर्यादेच्या निदान दुप्पट लागते. म्हणजे गरज सहापटीची. ही सहापट एकट्या मॅग्निफायरकडून घेतली, तर आजींना स्क्रीनचा तीन टक्क्यांहून कमी भाग दिसेल.

तीच सहापट वाटून घेता येते. अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीपासून फॉन्ट २०० टक्क्यांपर्यंत वाढतो. येथे लहान अक्षरे दुप्पट होतात, आधीच मोठी असलेली शीर्षके तेवढी वाढत नाहीत, आणि मुख्य म्हणजे शब्द पुढच्या ओळीत उतरतात, त्यामुळे चित्र बाजूला सरकवावे लागत नाही. दुसरी दुप्पट अंतरातून मिळते. फोन ४० सेंटिमीटरऐवजी २० सेंटिमीटरवर धरला, की डोळ्यातली प्रतिमा दुप्पट होते. या वयात डोळ्याचे भिंग जवळचे पाहण्यासाठी आपला बाक बदलत नाही, त्यामुळे त्या अंतरासाठी जवळच्या कामाचा सुमारे +५ डायऑप्टरचा चष्मा लागतो. तो नेत्रतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावा, कारण इतक्या जवळ दोन्ही डोळे एकत्र वापरणे अनेकांना जड जाते. दोन दुणे चार झाले. आता मॅग्निफायरकडून फक्त दीडपट हवी, आणि दीडपटीला स्क्रीनचा ४४ टक्के भाग दिसत राहतो. फॉन्ट वाढवल्यावर काही अ‍ॅपांत बटणावरचे शब्द अर्धवट तुटतात किंवा बटण खाली ढकलले जाते. पैसे भरण्याच्या पानावर खालचे बटण गायब झाले, तर बहुधा ते खाली सरकलेले असते; पान वर सरकवून पाहावे.

काचबिंदू किंवा दृष्टिपटलाच्या काही आनुवंशिक विकारांत नजर नळीतून पाहिल्यासारखी अरुंद होते. अशा माणसाचे मधले दिसणे पुष्कळदा चांगले असते. त्याला अक्षर मोठे करून दिले, तर त्या नळीत आधी पाच शब्द मावत होते तेथे आता दोनच मावतील. त्याला मध्यम अक्षर, गडद पार्श्वभूमीवर उजळ मजकूर आणि कमी चकाकी मानवते. अक्षर लहान केल्यावर एखादा माणूस जलद वाचू लागला, तर त्याची अडचण क्षेत्राची आहे असे समजायला हरकत नाही. मोतीबिंदूतही पांढऱ्या स्क्रीनचा प्रकाश डोळ्यात विखुरतो, तेव्हा डार्क थीम किंवा रंग उलटवण्याची सोय पुष्कळदा मोठ्या अक्षरांपेक्षा जास्त उपयोगी पडते.

लांबलचक मजकूर मात्र कानाकडे सोपवलेला बरा. अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर म्हणजे टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. दोघेही २००९ पासून आहेत. टॉकबॅक चालू झाला की स्पर्शाचे नियम बदलतात. एका बोटाने स्पर्श केला की तेथे काय आहे ते बोलले जाते आणि त्याभोवती चौकट उमटते. ते उघडण्यासाठी दोनदा टॅप करावे लागते. बोट उजवीकडे झटकले की पुढची वस्तू, डावीकडे झटकले की मागची. यादी सरकवायला दोन बोटे लागतात. हे ठाऊक नसताना टॉकबॅक चुकून चालू झाला, तर घरात फोन बिघडल्याचा गोंधळ उडतो. शॉर्टकट आधी नेमून ठेवला असेल, तर आवाजाची दोन्ही बटणे सुमारे तीन सेकंद एकत्र दाबून धरली की तो बंद होतो. म्हणून तो शॉर्टकट पहिल्याच दिवशी नेमावा.

टॉकबॅक स्क्रीनवरचे चित्र पाहून वाचतो, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात अ‍ॅप प्रत्येक बटणाची आणि मजकुराची माहिती अँड्रॉइडला देते, आणि टॉकबॅक ती माहिती आवाजात बदलतो. अ‍ॅप तयार करणाऱ्याने पाठवण्याच्या बाणाला नावच दिले नसेल, तर कानावर फक्त ‘लेबल नसलेले बटण’ पडते. अशा बटणाला आपण स्वतः नाव देऊ शकतो: बटणावर असताना टॉकबॅकचा मेनू उघडून लेबल जोडण्याचा पर्याय घ्यावा. तो पर्याय दिसलाच नाही, तर अ‍ॅपने त्या बटणाला आतली ओळखही दिलेली नाही असे समजावे. मग त्याची जागा लक्षात ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

मराठीत आणखी एक अडचण येते. जुन्या कार्यालयीन पीडीएफ पुष्कळदा युनिकोडऐवजी कृती देवसारख्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतात. त्या फॉन्टमध्ये डोळ्याला ‘मराठी’ दिसते, पण फाइलमध्ये प्रत्यक्ष साठवलेली अक्षरे अशी असतात:

```
ejkBh
```

स्क्रीन रीडरला हीच रोमन अक्षरे मिळतात, आणि इंग्रजी आवाज त्यांचा अर्थहीन उच्चार करतो. पान डोळ्याला स्वच्छ मराठी दिसते आणि कानाला निव्वळ गलबला ऐकू येतो, तेव्हा दोष फोनचा नसतो. तो मजकूर युनिकोडमध्ये मिळवावा किंवा रूपांतर करून घ्यावा. फोटो काढून पाठवलेल्या सूचनापत्रांत तर अक्षरेच नसतात, फक्त चित्र असते. आवाजाची भाषाही एकदा तपासावी. सेटिंग्जमध्ये हिंदी आवाज असेल, तर ४९ हा आकडा ‘उनचास’ म्हणून ऐकू येतो. मराठी आवाज निवडला की ‘एकोणपन्नास’.

ज्यांना बऱ्यापैकी दिसते, त्यांना टॉकबॅकचे बदललेले स्पर्श नकोसे होतात. त्यांच्यासाठी सिलेक्ट टू स्पीक आहे. स्पर्शाचे नेहमीचे नियम तसेच राहतात. कोपऱ्यातले बटण दाबून हवा तो परिच्छेद बोटाने निवडला की तेवढाच वाचला जातो. उदाहरणातल्या आजींना हा मार्ग सोयीचा.

त्यांना वीजबिल भरायचे आहे. बिलाचा लघुसंदेश लांब आहे, ग्राहक क्रमांकासह. तो त्या सिलेक्ट टू स्पीककडून ऐकतात. पैशांचे अ‍ॅप उघडल्यावर वाढवलेला फॉन्ट आणि २० सेंटिमीटरवरचा फोन यांमुळे बिलाचे नाव, तारीख, बटणे डोळ्याने सापडतात. रक्कम हा एकच आकडा असा, जो दोनदा तपासायचा: एकदा ऐकून, एकदा मॅग्निफायरच्या चौकटीत पाहून. कानाला ‘एक हजार दोनशे पन्नास’ आणि ‘बारा हजार पाचशे’ यांतला फरक लगेच कळतो; डोळा मात्र १२५० मधल्या शून्यानंतर आणखी एक शून्य आहे का, हे धूसर अक्षरांत चुकू शकतो. उलट, ऐकताना कोणत्या खात्यातून पैसे जाणार ही ओळ सहज सुटते, ती डोळ्याने पाहावी.

पिनच्या पानावर मोठे केलेले चित्र आधी पूर्ववत करावे, नाहीतर आकड्यांच्या काही कळा चौकटीबाहेर राहतात. साध्या कीबोर्डावर तर बऱ्याच फोनांत मॅग्निफायर चालतच नाही. टॉकबॅक वापरणाऱ्याने येथे इअरफोन लावावा. पासवर्डचे आकडे फक्त इअरफोन जोडलेला असताना उच्चारण्याची सोय त्यात असते. पैसे भरल्यावर पावतीचा स्क्रीनशॉट काढण्याची सवय सर्वांनाच असते, पण तो चित्रच राहतो. त्याऐवजी व्यवहार क्रमांक कॉपी करून एखाद्या नोटमध्ये ठेवावा, म्हणजे तक्रार करताना तो अंक-अंक करून ऐकता येतो.