तारेचा झोळ: उन्हाची दुपार आणि थंडीची पहाट

दोन टॉवरांमधली विजेची तार सरळ कधीच नसते. वाळत घालायची दोरी कितीही ताणली तरी मध्ये थोडी खाली येतेच, तसंच हे. तारेला वजन असतं आणि ते वजन तोलायला टॉवरशी तारेचं टोक थोडं तरी तिरकं असावं लागतं. पूर्ण आडव्या तारेत वर ओढणारं बलच नसतं. तिला आडवी करायची तर ताण अनंत लागेल, आणि त्याच्या कितीतरी आधी तार तुटेल. म्हणून वाहिनी उभारणारा माणूस तार किती ताणायची हे विचारतो, तेव्हा झोळ किती ठेवायचा हेच विचारत असतो.

प्रत्यक्ष आकडे घेऊन पाहू. आपल्याकडच्या २२० केव्ही वाहिन्यांवर ‘झेब्रा’ नावाची तार सर्रास असते. या जातीच्या तारांना प्राण्यांची नावं आहेत, झेब्रा, पँथर, मूस, डॉग अशी. झेब्रामध्ये आत पोलादाचे सात पदर आणि त्यांच्याभोवती ॲल्युमिनियमचे चौपन्न पदर पिळलेले असतात. तिचं वजन मीटरला साधारण १.६२ किलो भरतं आणि तुटायला सुमारे १३,३०० किलोचा ओढा लागतो. सपाट माळावर सारख्या उंचीचे दोन टॉवर ३५० मीटर अंतरावर उभे आहेत असं समजा. या स्पॅनमधल्या तारेचं सगळं वजन ५६७ किलो. रोजच्या ३२ अंश तापमानाला तार तुटण्याच्या ताकदीच्या २२ टक्के, म्हणजे सुमारे २,९२० किलो ताणली, तर मध्यावर झोळ येतो साडेआठ मीटर. हिशोब सोपा आहे: मीटरमागचं वजन गुणिले स्पॅनचा वर्ग, भागिले ताणाची आठपट.

५६७ किलोची तार धरून ठेवायला तिच्या पाचपट ताण लागतो, हे या हिशोबातून दिसतं. झोळ निम्मा करायचा तर ताण दुप्पट करावा लागेल. तार तेवढ्याने तुटणार नाही, तरी तसं करत नाहीत. घट्ट ताणलेल्या तारेला मंद वारासुद्धा थरथरवतो आणि ती बारीक थरथर वर्षानुवर्षं चालली की पकडीपाशी ॲल्युमिनियमचे पदर एकेक करून थकून तुटतात. टॉवरजवळ तारेला लटकवलेली डंबेलसारखी छोटी वजनं याच थरथरीला गिळायला बसवलेली असतात. ताण मर्यादित ठेवण्याचं खरं कारण बहुतेक वेळा वादळ नसतं, ही मंद झुळूक असते.

तारेची लांबी किती लागते, हा या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग आहे. साडेआठ मीटर झोळ असलेली ही तार सरळ रेषेपेक्षा फक्त ५५ सेंटिमीटर लांब आहे. ३५० मीटरांत एका हातभराचा फरक! त्यामुळेच लांबी अगदी किंचित बदलली तरी झोळ मोठा बदलतो. उन्हाळ्यात भर दुपारी ऊन आणि तारेतून वाहणारा विद्युतप्रवाह मिळून झेब्रा तार ७५ अंशांपर्यंत तापू शकते असं धरून हिशोब करतात. ३२ वरून ७५ अंशांवर गेली की धातू प्रसरण पावतो. मग ताण सैल होतो, आणि ताण सैल झाला की ताणामुळे वाढलेली लांबी थोडी आखडते. हे सगळं एकत्र सोडवलं तर लांबीत निव्वळ वाढ होते साधारण २४ सेंटिमीटरांची. ताण २,९२० वरून सुमारे २,४४० किलोवर येतो आणि झोळ साडेआठ मीटरवरून १०.२ मीटरवर जातो. लांबी पाव मीटरही वाढली नाही, पण तार पावणेदोन मीटर खाली आली.

जमिनीपासून तारेचं अंतर मोजतात ते याच तापलेल्या अवस्थेत. २२० केव्ही वाहिनीखाली किमान सात मीटर मोकळी जागा हवी. त्यामुळे आपल्या उदाहरणात सर्वांत खालची तार जिथे टांगायची ती जागा सव्वासतरा मीटर तरी उंच असायला हवी, आणि मोजण्यातली चूक धरून थोडी अधिक. शिवाय ॲल्युमिनियम सततच्या ताणाखाली वर्षानुवर्षं हळूहळू लांबत राहतं. म्हणून नवी तार मुद्दाम थोडी जास्त ताणून ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षांत ती हवी तिथे येऊन स्थिरावते.

खाली आलेली तार काय करू शकते, ते १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेच्या ओहायो राज्यात दिसलं. तिथली एक ३४५ केव्ही वाहिनी दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी झाडाला लागून बंद पडली. तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या निम्म्याहूनही कमी भार होता. तिचा भार शेजारच्या वाहिन्यांवर गेला, त्या तापून झोळल्या, आणखी दोन वाहिन्यांना झाडं लागली. संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात होते. तारा आपल्या हिशोबाप्रमाणेच झोळल्या होत्या. त्यांच्याखाली वाढलेली झाडं वेळेत छाटली गेली नव्हती.

आतापर्यंतचं सगळं सपाट माळाचं. कोकणातल्या पोफळीच्या वीजगृहातून देशावर येणाऱ्या वीजवाहिन्यांना सह्याद्री चढावाच लागतो, आणि तिथे शेजारच्या दोन टॉवरांचे पाय एका पातळीवर नसतात. अशा वेळी तारेचा बाक बदलत नाही. त्याच बाकाचा तुकडा टॉवर वेगळ्या जागी कापतात, एवढंच. उंच टॉवरकडे बाकाचा लांब भाग येतो, ठेंगण्या टॉवरकडे आखूड, आणि सर्वांत खालचा बिंदू मध्यावरून ठेंगण्या टॉवरकडे सरकतो. किती सरकतो, हे काढायला ताणाला उंचीतल्या फरकाने गुणायचं आणि स्पॅनमधल्या तारेच्या वजनाने भागायचं.

आपला तोच स्पॅन, तोच ३२ अंशांचा ताण, पण एक टॉवर २० मीटर वर. भागाकार येतो १०३ मीटर. म्हणजे खालचा बिंदू मध्यापासून १०३ मीटर सरकून ठेंगण्या टॉवरपासून ७२ मीटरांवर आला. ठेंगण्या टॉवरवरून पाहिलं तर तार जेमतेम दीड मीटर खाली उतरते, उंच टॉवरवरून पाहिलं तर साडेएकवीस मीटर. दोन्ही टोकं जोडणाऱ्या तिरक्या रेषेपासून मध्यावर मोजलं तर मात्र झोळ तोच साडेआठ मीटर. उतारावर धोक्याची जागा शोधताना या खालच्या बिंदूवर विसंबून चालत नाही. जमीनही तिरकी असते, मध्येच एखादा खडक किंवा बांध वर आलेला असतो, म्हणून तारेचं अंतर जमिनीच्या प्रत्येक उंचवट्यापासून तपासावं लागतं.

उंचीतला फरक वाढत जाऊन झोळाच्या चौपट झाला की खालचा बिंदू थेट ठेंगण्या टॉवरवर येतो. त्याहून फरक वाढला तर तो स्पॅनच्या बाहेर जातो, म्हणजे तार ठेंगण्या टॉवरपासून निघते तीच वर चढत. अशी तार त्या टॉवरवर वजन टाकत नाही, त्याला वर ओढते.

दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत एक टॉवर आहे असं समजा. दोन्ही बाजूंना ३५० मीटरांचे स्पॅन आणि दोन्हीकडचे शेजारी ३२ मीटर उंच. सपाट माळावर टॉवरवर दोन अर्धे स्पॅन मिळून एका तारेचे ५६७ किलो येतात. या घळीतल्या टॉवरवर, तार ७५ अंश तापलेली असताना येतात सुमारे १२० किलो. ३२ अंशांना उरतात अवघे ३३. थंडीच्या पहाटे तार ५ अंशांवर आली की ती आखडते, ताण सुमारे ३,३७० किलोवर जातो, झोळ ७.४ मीटरांवर येतो, आणि त्याची चौपट ३२ पेक्षा कमी भरते. खालचा बिंदू दोन्हीकडे पंधरा मीटर बाहेर गेलेला असतो आणि टॉवरला तार सुमारे ५० किलोंनी वर ओढत असते.

साध्या टॉवरवर तार चकत्यांच्या लोंबत्या माळेला टांगलेली असते. त्या माळेला तिच्या स्वतःच्या वजनाने खाली राहायचं असतं, पण खालून ओढणारं वजन गेल्यामुळे ती हलकी होते. जरा वारा आला की ती टॉवरच्या सांगाड्याकडे झुलते, अंतर कमी होतं आणि ठिणगी उडून वाहिनी बंद पडते. दुपारी जाऊन पाहिलं तर सगळं ठीक दिसतं. दोष ओळखायचा तर थंड पहाटे दुर्बिणीतून पकडीकडे पाहावं. तार पकडीतून दोन्ही बाजूंना वर निघालेली दिसली की शंका उरत नाही. यावर उपाय म्हणजे तिथे उंच टॉवर घ्यायचा, किंवा तार दोन्हीकडून घट्ट धरून ठेवणारा टेन्शन टॉवर. उभारणी झाल्यावर हे लक्षात आलं तर पकडीला वजनं लटकवून काम भागवावं लागतं.

म्हणून मार्गाच्या आराखड्यावर अभियंते एकच बाक दोनदा काढतात. एक उन्हाळ्याचा, जमिनीचं अंतर तपासायला. दुसरा थंडीचा, वर ओढ कुठे येते ते पाहायला. पूर्वी हे बाक पारदर्शक फळीवर कोरून कागदावर सरकवत, आता संगणकावर होतं.

शेवटी टॉवरवर चढलेल्या माणसाला हा झोळ खरोखर तेवढाच आलाय का, ते मोजायचं असतं. त्याची एक पद्धत मला फार आवडते. बंद आणि जमिनीशी जोडलेल्या तारेला टॉवरजवळ दोरीने एक झटका द्यायचा. लाट तारेवरून पलीकडच्या टॉवरपर्यंत जाते, परतते, आणि हाताला धक्का जाणवतो. एका फेरीचे सेकंद मोजायचे, त्यांचा वर्ग करायचा आणि ०.३०६६ ने गुणायचं, की झोळ मीटरमध्ये मिळतो. तार कुठल्या जातीची, वजन किती, स्पॅन किती, यातलं काहीच लागत नाही, कारण जड तारेत लाट जितकी मंदावते तितकाच तिचा झोळ वाढतो. आपल्या सपाट माळावरच्या स्पॅनमध्ये एका फेरीला सव्वापाच सेकंदांच्या थोडं वर लागायला हवेत. हातातल्या घड्याळाची चूक तीन फेऱ्यांत वाटली जावी म्हणून तीन परतीचे धक्के मोजतात, पावणेसोळा सेकंदांच्या आसपास. सोळापेक्षा जास्त भरले तर तार सैल आहे, साडेपंधरापेक्षा कमी भरले तर घट्ट. मग पकड घट्ट करण्याआधी तार पुन्हा ओढतात किंवा सोडतात, आणि त्याच वेळी तारेचं तापमान टिपून ठेवतात, कारण सकाळी आठला आणि दुपारी दोनला तक्त्यातला आकडा वेगळा असतो.