माल पोहोचला, पैसे अडकले

समजा, कोल्हापुरातील एका लहान फाउंड्रीने इटलीतील खरेदीदाराला 20 लाख रुपयांचे सुटे भाग 60 दिवसांच्या उधारीवर पाठवले. माल सुखरूप पोहोचला, पण मुदत टळली तरी पैसे आले नाहीत आणि ईमेललाही उत्तर नाही. अशा वेळी सागरी विमा कामाचा नाही, कारण मालाला काहीच झालेले नाही. इथे उपयोगी पडतो तो निर्यात पतविमा. भारतात तो मुख्यतः ईसीजीसी ही 1957 साली सुरू झालेली केंद्र सरकारची कंपनी देते. तिच्या लघु निर्यातदार पॉलिसीत खरेदीदाराने पैसे थकवले किंवा त्याचे दिवाळे निघाले, तर नुकसानीच्या 95 टक्के भरपाई मिळते.

पण या भरपाईचा पाया माल निघण्याआधीच घातला जातो. प्रत्येक परदेशी खरेदीदारासाठी ईसीजीसीकडून उधारीची मर्यादा मंजूर करून घ्यावी लागते. इथे ती 12 लाखांचीच असती, तर भरपाई त्यापुढे गेली नसती. ऑर्डर वाढली की मर्यादाही वाढवून घ्यायला हवी, आणि घाईत नेमके हेच राहून जाते.

दुसरी चूक गप्प बसण्याची. जुन्या गिऱ्हाइकाची तक्रार कशी करायची, या संकोचाने निर्यातदार थकबाकी कळवतच नाही. ती दर महिन्याच्या विवरणात वेळेवर दाखवायलाच हवी. नाहीतर पुढे दावा नाकारायला कारण मिळते. मुदत टळल्यावर ठरलेला प्रतीक्षाकाळ गेला की दावा करता येतो. सोबत ऑर्डर, बीजक, बिल ऑफ लेडिंग, पैसे न आल्याचे बँकेचे पत्र आणि वसुलीसाठी केलेला सगळा पत्रव्यवहार जोडायचा.

खरी अडचण होते ती खरेदीदाराने ‘भाग सदोष आहेत’ असे लिहिले की. मालाच्या दर्जाचा वाद या विम्यात येत नाही. निर्यातदाराला आधी खरेदीदाराच्या देशातील न्यायालयातून आपल्या बाजूने निकाल आणावा लागतो, आणि लहान उद्योगाला तो खर्च झेपत नाही. म्हणून रवानगीपूर्व तपासणीचा अहवाल आणि माल मिळाल्याची खरेदीदाराची लेखी पोच जपून ठेवायला हवी, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

राजकीय जोखमीत खरेदीदाराचा दोष नसतो. 2022 साली श्रीलंकेत डॉलरचा तुटवडा झाला. अशा देशात खरेदीदार स्थानिक चलनात पैसे भरतो, पण ते डॉलरमध्ये बाहेर पाठवायला बँकेकडे परकीय चलनच नसते. युद्ध किंवा अचानक आलेली आयातबंदीही याच सदरात मोडते. इथे भरपाई 100 टक्के असते.

भरपाई मिळाली तरी वसुलीची जबाबदारी निर्यातदारावर राहतेच. इटलीहून नंतर 10 लाख रुपये हाती आले, तर वसुलीचा खर्च वजा जाता त्यातले 95 टक्के ईसीजीसीचे आणि 5 टक्के निर्यातदाराचे.