कागदावरची गंगाजळी

1997 च्या मध्यापर्यंत थायलंडने एका डॉलरला सुमारे 25 बाट हा दर बांधून ठेवला होता. तो टिकणार नाही असे वाटताच सट्टेबाजांनी बाट उसने घेऊन विकले. भाव पडला की स्वस्तात घेऊन कर्ज फेडायचे, हा डाव. मध्यवर्ती बँक डॉलर देऊन बाट विकत घेत राहिली. गंगाजळी 30 अब्ज डॉलरांहून अधिक दिसे, पण त्यातले बहुतेक डॉलर वायदे सौद्यांत आधीच गुंतले होते. व्याजदर चढवावेत, तर डबघाईला आलेल्या वित्त कंपन्या बुडणार. परदेशी सट्टेबाजांना बाट देणे रोखले, तरी गळती चालूच राहिली. अखेर 2 जुलैला दर मोकळा सोडावा लागला. जानेवारीत डॉलर 50 बाटांपलीकडे गेला. गंगाजळीचा आकडा देणी वजा करूनच वाचावा.